देवाचे रान, माणसाचा सातबारा

ऑगस्ट २०२२मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थच्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. बातमी राज्यभर गेली, विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाला, पोलिसांनी पथके लावली आणि ऑक्टोबरात आरोपी पकडून मूर्ती परत मिळवल्या. छान झाले. पोलिसांचे कौतुक झाले ते योग्यच होते.

पण मूर्ती गेली हे पहाटे पूजेला आलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसते. देवाचे रान जाते तेव्हा गाभाऱ्यात काहीच हललेले नसते. मूर्ती जागेवर, समई जागेवर, घंटा जागेवर. हललेली असते ती तलाठ्याच्या दप्तरातली एक ओळ. त्यावर प्रश्न उपस्थित होत नाही, पथक लागत नाही आणि वीस वर्षांनी तिथे प्लॉटिंगचे दगड रोवले जातात तेव्हा गाव म्हणते, हे कधी झाले? जांबच्या मंदिराच्या जमिनीबद्दल मी इथे काहीही सुचवत नाही. मी बोलतोय ते जालना जिल्ह्यातल्या आणि एकूण मराठवाड्यातल्या त्या शेकडो लहान देवळांबद्दल आणि दर्ग्यांबद्दल, ज्यांची नावे कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत नाहीत, पण ज्यांच्या नावावर कधीकाळी चार, आठ, बारा एकर रान होते.

हे रान आले कुठून, ते आधी पाहू. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्या राज्यात आणि त्याच्याही आधी, देवळाला किंवा दर्ग्याला पगारी नोकर ठेवण्याची पद्धत नव्हती. दिवाबत्ती करणाऱ्याला, पूजा करणाऱ्याला, झाडलोट करणाऱ्याला, उरुसाची सोय पाहणाऱ्याला जमीन लावून दिली जाई. सेवा करा आणि रान कसून खा. ही झाली खिदमतमाश, म्हणजे सेवेच्या अटीवरचे इनाम. दुसरा प्रकार मदतमाश. त्यात सेवेची अट नसे. एखाद्या विद्वानाला, फकिराला, घराण्याला उपजीविकेसाठी दिलेली ती जमीन. सगळे भांडण या दोन प्रकारांतल्या फरकावर उभे आहे. मदतमाश माणसाला दिलेली आहे. खिदमतमाश संस्थेसाठी दिलेली आहे. माणूस तिथे फक्त सेवेकरी म्हणून आहे.

हा फरक ठरवणारा मूळ कागद म्हणजे मुंतखब. इनामाची चौकशी करून सरकारने दिलेला तो निवाडा. एखादा मुंतखब हातात घेऊन पाहा. पिवळा पडलेला, घड्यांवर फाटलेला कागद, कोपऱ्यात शिक्का, घाईच्या वळणाची उर्दू. वर इनामदाराचे नाव, मग गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार आणि पुढे इनाम कशासाठी दिले त्याचा मजकूर. तिथे ‘मशरूत-उल-खिदमत’ असे लिहिलेले असेल, तर ती जमीन सेवेशी बांधलेली आहे. सेवा संपली की रान सेवेकऱ्याकडून जाते. त्याला ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, मुलांत वाटता येत नाही. सारी मेख त्या दोन-तीन शब्दांत आहे आणि ते शब्द वाचता येणारा माणूस आज तहसील कचेरीत शोधावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर हैदराबाद राज्याने दोन कायदे केले. १९५२चा अतियात चौकशी कायदा इनामांच्या दाव्यांसाठी आणि वारसाच्या चौकशीसाठी. त्यानंतर १९५४चा, इनामे आणि रोख अनुदाने रद्द करणारा कायदा. या दुसऱ्या कायद्याने बहुतेक इनामे खालसा केली, जमिनी सरकारजमा करून कसणाऱ्यांना दिल्या. पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांसाठी असलेली इनामे त्यातून वगळली. म्हणजे मदतमाश खालसा झाली, खिदमतमाश राहिली. देवाचे देवाकडे राहिले. कायदा करणाऱ्यांनी इथपर्यंत चोख काम केले होते, असे मी म्हणेन.

गळती सुरू झाली ती खाली, दप्तरात.

एक उदाहरण चालवून पाहू. गावाचे नाव घेत नाही, कारण हे गाव मी मनात धरलेले आहे. पण यातली प्रत्येक पायरी महसुलाच्या कुठल्याही जाणत्या माणसाला ओळखीची वाटेल. गावात मारुतीचे देऊळ. मुंतखबात बारा एकर, पूजा आणि दिवाबत्तीच्या अटीवर. सेतवारात, म्हणजे जमाबंदीच्या जुन्या नोंदवहीत, तीच जमीन इनाम म्हणून दाखवलेली. इथवर कागद सरळ आहेत.

मग आले १९५४-५५चे खासरा पत्रक. मराठवाड्यात जमिनीच्या कुठल्याही वादात हा कागद काढला जातो. तो भरताना शेतात जाऊन कोण कसतो हे पाहिले आणि कब्जेदाराच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव आले. यात खोटे काही नव्हते, पुजारीच कसत होता. पण पुढे त्याच पत्रकावरून सातबारा तयार झाला, तेव्हा कसणाऱ्याचे नाव मालकाच्या जागी जाऊन बसले आणि देवळाचे नाव उजवीकडे ‘इतर हक्क’ या रकान्यात सरकले. ‘देवस्थान इनाम’ एवढेच दोन शब्द. मारुती मालकाचा शेजारी झाला.

पुजारी वारला. आता कायद्याप्रमाणे काय व्हायला हवे होते? अतियात कायद्याखाली विरासतीची चौकशी. सेवा पुढे कोण करणार, हे तपासून त्या एकाचे नाव सेवेकरी म्हणून लागायला हवे होते. झाले काय? मुलांनी तलाठ्याकडे वारसाचा अर्ज दिला, तलाठ्याने साधा वारस फेरफार घेतला, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला. चार मुले, चार नावे. दोन वर्षांनी वाटणी झाली, तीन-तीन एकर. आता एका देवाच्या एका रानाचे चार सातबारे आहेत. पूजा मात्र एकच मुलगा करतो. एक जालन्याला स्टील कारखान्यात आहे, एक पुण्याला.

सातबारे हाताने लिहीत असत तेव्हा ते दर दहा वर्षांनी नव्याने उतरवले जात. चारपैकी दोन उताऱ्यांवर ‘देवस्थान इनाम’ हे शब्द उतरवायचे राहून गेले. राहून गेले की राहू दिले, हे आता कोण सांगणार? पण एकदा ते शब्द गेले की तो सातबारा इतर कुठल्याही शेतकऱ्याच्या सातबाऱ्यासारखा दिसतो. सोसायटी त्यावर पीककर्ज देते. बोजा चढतो, उतरतो आणि प्रत्येक नव्या नोंदीने आधीची चूक आणखी पक्की होते, कारण महसूल कायद्यानुसार अधिकार अभिलेखातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची असते.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ज्या दोन उताऱ्यांवर इनामाची नोंद टिकून राहिली, तिथे विक्री करायची तर कुलूप काढावे लागते. त्याची किल्ली कुणी शोधली? जमीन खिदमतमाश नाही, मदतमाश आहे, असा आदेश मिळवायचा. तसा आदेश झाला की जमीन ‘खालसा झालेली’ ठरते, भोगवटादार वर्ग दोनमध्ये येते आणि सरकारला नजराणा भरून वर्ग एक करता येते. वर्ग एक म्हणजे मोकळी मालकी. देवाच्या रानाचा एन.ए. लेआऊट व्हायला मग फक्त मोजणी बाकी राहते. शेजारच्या बीड जिल्ह्यात देवस्थान आणि वक्फ जमिनींच्या अशा प्रकरणांत गुन्हे नोंदवले गेले, महसूल खात्यातल्या माणसांवरही. तिथे प्रकरण बाहेर आले. जिथे बाहेर आलेले नाही तिथे ते घडलेच नाही, असे समजण्याचे कारण मला दिसत नाही.

आणि याच ठिकाणी माझा राज्य सरकारशी खरा वाद आहे. मराठवाड्यातल्या मदतमाश जमिनींवर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली, व्यवहार केले, ते नियमित व्हायला हवेत, हे मला मान्य आहे. त्यासाठी २०१५मध्ये कायद्यात दुरुस्ती करून बाजारभावाच्या ५० टक्के नजराणा ठरवला गेला. तो भरणे सामान्य माणसाला शक्य नव्हते. २०२४मध्ये तो ५ टक्क्यांवर आणला. मदतमाशच्या माणसाला न्याय मिळाला. पण त्याच दिवशी खिदमतमाश जमीन मदतमाश ठरवून घेण्याचा मोबदला किती पटींनी वाढला, याचा विचार कुणी केला का? एकरी बाजारभाव ४० लाख धरा. पूर्वी अशा जमिनीला मोकळे करायला एकरी २० लाख सरकारला द्यावे लागत. आता २ लाख. मधले १८ लाख ज्याच्या खिशात राहणार आहेत, तो एका आदेशासाठी किती खर्च करायला तयार होईल? सवलत देण्याआधी प्रत्येक जमिनीचा मुंतखब काढून, तिचा प्रकार ठरवून, गावनिहाय यादी जाहीर करायला हवी होती. आधी यादी, मग सवलत. सरकारने क्रम उलटा लावला.

मे २०२५मध्ये राज्याने देवस्थान इनाम जमिनींच्या खरेदी-विक्रीच्या दस्तांची नोंदणी थांबवण्याचे आदेश नोंदणी कार्यालयांना दिले. पाऊल योग्य आहे, मी त्याचे स्वागत करतो. पण दुय्यम निबंधकाच्या टेबलावर सातबारा येतो, मुंतखब येत नाही. ज्या सातबाऱ्यावरून ‘देवस्थान इनाम’ हे शब्द आधीच गळाले आहेत, त्यावर ही बंदी कशी लागू होणार? बंदी नेमकी त्याच रानांना राखते, ज्यांची नोंद अजून शाबूत आहे. जी आधीच निसटली त्यांना ती शिवतही नाही.

आता पुजाऱ्याची बाजू. ती न ऐकता लिहिणे अन्यायाचे होईल. अंबड तालुक्यातल्या एका देवळाच्या ओट्यावर बसलेल्या गुरवकाकांनी मला विचारले होते, “भाऊ, आमच्या आज्यानं दिवा लावला, बापानं लावला, आता मी लावतो. ऊन नाही, पाऊस नाही. मग हे वावर कुणाचं?” मी म्हणालो, “काका, वावर देवाचं, पण त्यातलं पीक तुमचं.” ते म्हणाले, “पीक कसलं? कोरडवाहू हाय. दोन पोती सोयाबीनवर देवाचं तेल आणि माझी पोरं, दोन्ही कशी भागायची?” याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. सेवेच्या बदल्यात जमीन ही व्यवस्था ज्या काळात ठरली, त्या काळात बारा एकरांत एक घर आणि एक देऊळ चालत होते. आज चालत नाही. गुरव असो की मुजावर, या घराण्यांना कुणी कधी पगार दिला नाही, पेन्शन दिली नाही. त्यांनी रान सोडले नाही म्हणूनच कित्येक देवळांत आजही दिवा लागतो.

पण कायद्यात त्यांचे स्थान काय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी पुन्हा स्पष्ट केले. प्रकरण मध्य प्रदेशातले होते. तिथल्या सरकारने महसुली नोंदींतून पुजाऱ्यांची नावे काढायला सांगितली होती आणि पुजाऱ्यांची संघटना कोर्टात गेली होती. न्यायालयाने सांगितले की पुजारी हा देवाच्या मालमत्तेचा व्यवस्थापक आहे, मालक नाही, कूळही नाही. मालकीच्या रकान्यात फक्त देवाचे नाव असावे, कारण कायद्याच्या दृष्टीने देव ही स्वतंत्र व्यक्ती आहे. याच निकालातली दुसरी गोष्ट आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. जे देऊळ सरकारच्या ताब्यात नाही, त्याच्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्याचे नाव व्यवस्थापक म्हणून लावणेही बरोबर नाही, असेही न्यायालयाने म्हटले. पुजारी मालक नाही आणि सरकारही मालक नाही.

मग खिदमतमाश जमिनीवर नजराणा घेण्याचा विचार तरी सरकारच्या मनात कसा येतो? जी जमीन १९५४च्या कायद्याने सरकारजमा झालीच नाही, ती मोकळी करून देण्याची किंमत सरकार कुठल्या हक्काने वसूल करणार? देवस्थान इनामे रद्द करणारा कायदा आणण्याची चर्चा अधूनमधून होते. तो आणायचा असेल तर जमिनीची पूर्ण किंमत संस्थेला मिळाली पाहिजे, सरकारी तिजोरीला नाही. आणि सेवा करणाऱ्याचा वाटा त्यातून कायद्याने बांधून दिला पाहिजे. यापेक्षा कमी काही मला मान्य होणार नाही.

राज्याने धार्मिक संस्थेच्या कारभारात पडावेच का, असा प्रश्न लोक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर १९५४मध्येच मिळाले आहे आणि तेही आपल्याच राज्यातल्या कायद्यावर. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०मध्ये झाला, तेव्हा रतिलाल पानाचंद गांधी या जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने कायदा मोठ्या प्रमाणात टिकवला. हिशेब, मालमत्ता, नोंदणी यांवर राज्य नियमन करू शकते. पूजा कशी करायची हे ठरवू शकत नाही आणि कारभाराचा हक्क संस्थेकडून पूर्ण काढूनही घेऊ शकत नाही. पंढरपूर, शिर्डी, सिद्धिविनायक यांना स्वतंत्र कायदे आहेत. जालन्याच्या खेड्यातल्या मारुतीला हाच साधा कायदा आहे आणि तो वाईट नाही.

त्यातले कलम ३६ पाहा. धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या मंजुरीशिवाय ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने देता येत नाही. मंजुरीशिवायचा व्यवहार वैधच नाही. उलट बाजूने वाचले तर दहा वर्षांपर्यंत शेतजमीन ठोक्याने द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. दरवर्षी पाडव्याला चावडीवर जाहीर बोली लावली आणि एकरी १५ हजार आले, तर बारा एकरांचे वर्षाला १ लाख ८० हजार होतात. त्यात पुजाऱ्याचे मानधन, तेल-वात, लाइट बिल आणि पत्रे बदलण्याचा खर्च भागतो. बोली जाहीर झाली की रान कुणाचे आहे, हे गावाला दरवर्षी नव्याने कळते, हा त्याचा पैशांहून मोठा फायदा.

पण कलम ३६ फक्त नोंदलेल्या ट्रस्टला आणि त्यातही व्यवहारात फक्त नोंदलेल्या मालमत्तेला राखते. धर्मादाय कार्यालयात प्रत्येक ट्रस्टचे परिशिष्ट एक असते. त्यात विश्वस्तांची नावे आणि मालमत्तेचा तपशील. अनेक लहान देवळांच्या परिशिष्टात ‘देऊळ, दगडी बांधकाम’ एवढेच लिहिलेले असते. बारा एकरांचा उल्लेखच नाही. तहसीलच्या गाव नमुना तीनमध्ये, म्हणजे दुमाला जमिनींच्या नोंदवहीत, बारा एकर आहेत. धर्मादायच्या परिशिष्टात शून्य. दोन्ही कार्यालये एकाच जिल्ह्यात. एका कार्यालयाची वही दुसऱ्याने उघडून पाहण्याची सक्ती कुठेच नाही, म्हणून प्रत्येक जण आपल्या वहीपुरता निर्दोष राहतो आणि रान दोन वह्यांच्या मधून जाते.

शिवाय २०१७मध्ये याच कलमाला एक खिडकी पाडली गेली. आधी मंजुरी न घेता झालेल्या व्यवहाराला, असाधारण परिस्थितीत, नंतरही मंजुरी देता येईल, अशी ती दुरुस्ती. अटी कडक आहेत: तातडी, निकड, प्रामाणिक हेतू हे सगळे दाखवावे लागते. तरीही मला ही खिडकी नको होती. विश्वस्ताच्या हातून होणाऱ्या विक्रीला एकच भीती होती, ती म्हणजे मागाहून काहीही करता येणार नाही ही. ती भीती आता पातळ झाली.

पैशांचा आणखी एक मार्ग आहे आणि जालन्यात तो सध्या सर्वांत मोठा आहे. भूसंपादन. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, जालना-नांदेड जोडरस्त्याची जमीन घेतली जात आहे. रस्ता देवाच्या रानातून गेला तर मोबदला कुणाला? २०१३च्या भूसंपादन कायद्याचे कलम ७८ यावर स्वच्छ आहे. ज्याला जमीन विकण्याचा अधिकार नाही त्याच्या ताब्यातल्या जमिनीची रक्कम प्राधिकरणाकडे जमा राहते आणि ती दुसरी जमीन घेण्यात किंवा सरकारी रोख्यांत गुंतवायची असते. व्याज तेवढे हक्कदाराला मिळते. म्हणजे रान गेले तरी मुद्दल देवाचेच राहते. पण हे कलम लागू व्हायला भूसंपादन अधिकाऱ्याला आधी कळले पाहिजे की हे रान देवाचे आहे. त्याला कळते ते सातबाऱ्यावरून. आणि सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे, ते वर सांगितलेच.

हे सारे देवळांबद्दल बोललो. दर्ग्याच्या रानाची गोष्ट वेगळी नाही. निजामाने मारुतीला आणि पीरसाहेबांना एकाच पद्धतीच्या मुंतखबाने, एकाच अटीवर जमीन दिली. मुजावराचे नाव त्याच खासरा पत्रकात त्याच रकान्यात चढले. फरक पुढच्या कायद्याचा. वक्फ जमिनींवर वक्फ मंडळाचे लक्ष, त्याचे कार्यालय छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत. २०१३च्या दुरुस्तीनंतर वक्फ जमिनीची विक्री, बक्षीस, गहाण यांवर सरळ बंदी आहे. त्या बाबतीत वक्फचा कायदा देवळाच्या कायद्याहून कडक. एवढे असूनही रान गेलेच, कारण गळती कायद्यात नव्हती, फेरफारात होती. ‘त्यांच्या जमिनी राखल्या जातात, आमच्या लुटल्या जातात’ असे जे भाषणांत सांगितले जाते ते जालन्याच्या दप्तरात टिकत नाही. दोघांचे रान एकाच टेबलावरून गेले आहे आणि घेणाऱ्यांनी धर्म पाहिलेला नाही.

२०२५च्या वक्फ दुरुस्तीने एक गोष्ट बदलली ती इथे सांगितली पाहिजे. पूर्वी वक्फची जमीन परत मिळवण्याच्या दाव्याला मुदतीचा कायदा लागू नव्हता. आता लागू आहे. म्हणजे देऊळ असो वा दर्गा, दोघांच्या बाबतीत आता कॅलेंडर महत्त्वाचे. मुदत कायद्याच्या अनुसूचीतला ९६वा अनुच्छेद अशा वेळी कामी येतो. आधीच्या व्यवस्थापकाने मोबदला घेऊन विकलेली धर्मसंस्थेची जमीन परत मिळवायची असेल, तर नव्या व्यवस्थापकाला बारा वर्षे मिळतात. आणि ही बारा वर्षे विक्रीच्या दिवसापासून मोजत नाहीत, तर विकणाऱ्याचा मृत्यू, राजीनामा किंवा हकालपट्टी, अथवा नव्या व्यवस्थापकाची नेमणूक, यांतली जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून. म्हणून ‘आता फार उशीर झाला’ असे कुणी सांगितले तर लगेच घरी जाऊ नका. आधी विश्वस्त कधी बदलले ते धर्मादाय कार्यालयात पाहा. बदल अर्ज दाखल झाला आहे का, मंजूर झाला आहे का, तेही पाहा. हा अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो आणि तो न देणारी मंडळे कमी नाहीत.

आपल्या गावच्या देवाचे रान शाबूत आहे का, हे पाहायला वकील लागत नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून सेतवार, खासरा पत्रक आणि गाव नमुना तीन यांच्या नकला मागा. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकची नक्कल घ्या. सर्व्हे नंबरचे गटात रूपांतर कसे झाले ते एकत्रीकरणाच्या तक्त्यात मिळते. तो तक्ता घेतल्याशिवाय जुन्या आणि नव्या नंबरांचा मेळ बसणार नाही आणि पुष्कळ लोक इथेच हार मानतात. मग हे सगळे कागद आजच्या सातबाऱ्याशेजारी ठेवा. जिथे देवाचे नाव पहिल्यांदा गायब होते, त्या फेरफाराचा नंबर शोधा. वारस म्हणून झाला आहे की आदेशाने, ते त्यात लिहिलेले असते. वारस फेरफार असेल तर विरासतीचा आदेश कुठे आहे, हा पहिला प्रश्न. आदेशाने झालेला असेल तर तो कुणी दिला आणि तसा आदेश देण्याचा अधिकार त्याला होता का, हा दुसरा. चुकीच्या फेरफारावर प्रांताकडे अपील करता येते. नवा फेरफार येत असेल तर पंधरा दिवसांच्या नोटिशीत हरकत नोंदवा. ती तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर हरकत आली नव्हती असेच लिहिले जाईल.

आणि तुमचा काय संबंध, असे कचेरीत कुणी विचारले तर त्यालाही कायद्यात उत्तर आहे. त्यासाठी विश्वस्त असावे लागत नाही, देणगीदारही नाही. देवळाच्या बाबतीत जो तिथे पूजेला जाण्याचा हक्कदार आहे किंवा जाण्याचा ज्याचा परिपाठ आहे, तो विश्वस्त कायद्याच्या व्याख्येत हितसंबंधी माणूस आहे. असे दोघे एकत्र आले आणि धर्मादाय आयुक्तांची लेखी संमती मिळाली, की कलम ५०खाली त्यांना देवाच्या रानासाठी दिवाणी दावा लावता येतो.